फिरतीचे बिल

चाळीसगाव जंक्शनच्या फलाटावर सकाळच्या गाडीला जी मंडळी उभी असतात, त्यांत एक वर्ग चटकन ओळखू येतो. खांद्याला जडशी बॅग, पायांत पॉलिश केलेले पण धुळीने माखलेले बूट आणि नजर घड्याळाकडे. कोणी बियाण्यांच्या कंपनीचा, कोणी खतांच्या, कोणी औषधांच्या. एकीकडे जळगाव-भुसावळ, दुसरीकडे नाशिक-मुंबई आणि तिसरीकडे छप्पन किलोमीटरचा धुळ्याचा फाटा. असे गाव फिरतीच्या माणसाला मुख्यालय म्हणून सोयीचेच.

या माणसाची एक अडचण घरच्यांनाच ठाऊक असते. फिरतीचा खर्च आधी त्याच्या खिशातून जातो आणि मग कंपनी तो भरून देते. पंचवीस हजार पगाराच्या घरात पाच-सहा हजार रुपये महिनाभर अडकून पडले, तर दूधवाल्यापासून शाळेच्या फीपर्यंत सगळे पुढे ढकलावे लागते. अशा वेळी 'हिशेबखाते माणसाला नाडते' असा बोल ऐकू येतो. कधी तो खराही असतो. परंतु पुष्कळदा भांडणाचे बी बिल पाठवताना नव्हे, तर प्रवासाला निघण्यापूर्वीच पडलेले असते. ते कसे, हे एका फिरतीवरूनच पाहू.

एका बियाणे कंपनीचा प्रतिनिधी धरा. कचेरी पुण्यात, मुख्यालय चाळीसगाव. कंपनीचा प्रवासनियम असा: गावातल्या कामाचा दैनिक भत्ता वेगळा, बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परतल्यास तीनशे रुपये, मुक्काम पडल्यास साडेचारशे. लॉजचे भाडे पंधराशेपर्यंत, पण पावती दाखवून. रेल्वेचे भाडे ठरलेल्या वर्गाचे, प्रत्यक्ष खर्चाइतके. आकडे कंपनीगणिक बदलतात, साचा बहुतेक ठिकाणी हाच.

आपला प्रतिनिधी सोमवारी रेल्वेने जळगावला गेला आणि तिथे राहिला. मंगळवारी बऱ्हाणपूरला गेला, तिथेही मुक्काम केला आणि बुधवारी संध्याकाळी घरी परतला. भत्ता झाला दोन मुक्कामांचे नऊशे आणि परतीच्या दिवसाचे तीनशे, म्हणजे बाराशे. रेल्वे आणि रिक्षा मिळून सहाशे साठ. जळगावच्या लॉजचे बिल सतराशे दहा, बऱ्हाणपूरचे पंधराशे पंचाहत्तर. एकूण पाच हजार एकशे पंचेचाळीस रुपये. बिल गेले आणि पंधरा दिवसांनी सगळेच्या सगळे परत आले. शेरा एकच: 'नियमानुसार नाही.'

आता कागद उलगडून पाहू. जळगावच्या बिलात खोलीचे चौदाशे, त्यावर पाच टक्क्यांनी सत्तर रुपये कर आणि त्याच कागदावर रात्रीच्या जेवणाचे दोनशे चाळीस होते. जेवण हे दैनिक भत्त्यात धरलेले असते. तेच पुन्हा लॉजच्या बिलातून मागितले की एकाच घासाचे दोनदा पैसे मागितल्यासारखे होते. कापणाऱ्याची यात चूक नाही. लॉज सोडताना 'खोलीचे बिल वेगळे करा, जेवणाचे वेगळे' एवढे सांगितले असते, तर प्रश्नच उरला नसता.

बऱ्हाणपूरची गोष्ट निराळी. तिथे खोली बरोबर पंधराशेची, वर कर पंचाहत्तर. नियमात मर्यादा पंधराशेची. पण ती करासह की कराशिवाय, हे नियमात लिहिलेलेच नाही! प्रतिनिधी एक अर्थ लावतो, हिशेबनीस दुसरा, आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते. हा प्रश्न निघण्यापूर्वी एका ओळीच्या पत्राने विचारायचा आणि उत्तर जपून ठेवायचे. खोली घेतल्यावर मागितलेली मंजुरी म्हणजे वरातीमागून घोडे.

करावरून आणखी एक गोंधळ होतो. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाड्याच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के झाला आहे. बिलावर कंपनीचे नाव आणि तिचा जीएसटी क्रमांक असेल, तर कामासाठी दिलेल्या या कराची वजावट कंपनीला सरकारकडून मिळू शकते. म्हणून पुण्याचे हिशेबखाते 'बिल कंपनीच्या नावाने आणा' म्हणून मागे लागते. पण खोलीवरचा कर ज्या राज्यात ते लॉज उभे आहे, त्या राज्याचा धरला जातो. जळगावच्या बिलावरचा कर महाराष्ट्राच्या खात्यातला, तेव्हा त्याची वजावट मिळेल. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. कंपनीची नोंदणी महाराष्ट्रापुरतीच असली, तर तिथल्या कराची वजावट तिला बिलावर क्रमांक असूनही मिळत नाही. म्हणजे बऱ्हाणपूरचे बिल केवळ जीएसटी क्रमांक नाही म्हणून कोणी परत पाठवले, तर त्या क्रमांकाने कंपनीच्या पदरात काय पडणार होते, असे नम्रपणे विचारायला हरकत नाही. मात्र जळगावच्या बिलावर तो क्रमांक घालून घेणे हे आपले काम.

लॉजचे बिल हातात आले की जागेवरच वाचावे. लॉजचे नाव-पत्ता, बिलाचा क्रमांक, येण्याजाण्याच्या तारखा, राहणाऱ्याचे नाव, भाडे आणि कर वेगवेगळे, आणि पैसे कसे दिले ते, इतके त्यावर हवे. पाठकोऱ्या चिठ्ठीवर 'रु. १५०० मिळाले' ही कच्ची पावती. तिच्यावर हिशेबतपासनिसाचे समाधान होत नाही. मोबाईलवरून खोली घेतली, तर जो कागद येतो तो बहुधा खोली राखून ठेवल्याची चिठ्ठी असते, बिल नव्हे. पक्के बिल कोण देणार, लॉजवाला की ज्याच्याकडून खोली घेतली तो, हे किल्ली परत करण्याआधी विचारावे. घरी पोचल्यावर फोन करून बिल मिळवणे फार जिकिरीचे.

रेल्वेच्या तिकिटाविषयीही असाच एक समज आहे. तिकीट दाखवले की प्रवास सिद्ध झाला, असे आपल्याला वाटते. पण ऑनलाइन काढलेले प्रतीक्षायादीतले तिकीट यादी लागेपर्यंत पक्के झाले नाही, तर ते आपोआप रद्द होते आणि किरकोळ कपात होऊन भाडे खात्यात परत येते. छापलेला कागद मात्र हातात तसाच राहतो! हिशेबनिसाला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तो खात्री करू पाहतो. वातानुकूलित डब्याचे तिकीट रद्द झाले आणि साध्या डब्यातून उभ्याने गेलात, तर साध्या डब्याचेच भाडे मागावे. उभे राहिल्याचे कष्ट खरे असतात, पण त्यांची किंमत तिकिटाच्या रकान्यात बसत नाही. उलट कचेरीनेच दौरा बदलला आणि त्यापायी तिकीट रद्द करावे लागले, तर परत न मिळालेली रक्कम हक्काने मागावी. सोबत दौरा बदलल्याचा निरोप आणि परताव्याची नोंद जोडावी.

स्वतःच्या मोटारसायकलने हिंडणाऱ्यांना दर किलोमीटरला ठरलेला दर मिळतो. त्या दरात पेट्रोल, टायर, दुरुस्ती सगळे आले. वर पेट्रोलची पावती जोडली की दुहेरी मागणी ठरते. इथे अंतर कंपनीच्या तक्त्यावरून धरतात, आणि तक्ता रस्त्याकडे पाहून बदलत नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. तेव्हा चाळीसगावहून औरंगाबादकडे (आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे) जायचे तर नांदगावकडून वळसा घेणे भाग होते. अशा दिवशी तक्त्याबाहेरचे किलोमीटर मिळवायचे, तर त्याच दिवशी वरिष्ठांना दोन ओळी कळवाव्यात, निघताना आणि पोचल्यावर गाडीच्या मीटरचे आकडे टिपावेत आणि रस्ता बंद असल्याच्या बातमीचे कात्रण जोडावे. महिन्याअखेर आठवणीतून लिहिलेला वळसा कोणालाही संशयास्पद वाटतो.

रिक्षावाला पावती देत नाही, हे सर्वांना माहीत आहे. त्यासाठी स्वतःच्या सहीचे व्हाउचर करावे: तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती. रोजची रक्कम सारखी पन्नास-पन्नास लिहू नये. खरा खर्च असा गोल कधी नसतो.

पावत्या जपण्याचीही एक रीत आहे. एसटीचे तिकीट आणि यंत्रातून येणारी पावती ज्या कागदावर छापतात, त्यावर शाई नसते. कागदावरच्या रसायनाला उष्णता लागली की अक्षर उमटते. म्हणूनच मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात, घामाने ओल्या खिशात ती अक्षरे टिकत नाहीत. प्लॅस्टिकच्या पाकिटातही ती हळूहळू पुसट होतात आणि लॅमिनेशन केले तर सगळा कागदच काळा पडतो. मुक्कामावर पोचल्यावर त्याच रात्री मोबाईलवर फोटो घ्यावा, मूळ पावती साध्या कागदी पाकिटात ठेवावी आणि पाकिटावर तारीख, गाव आणि काम लिहावे.

आता परत आलेल्या बिलाकडे वळू. पाच हजार एकशे पंचेचाळीसपैकी वाद किती रकमेचा? जेवणाचे दोनशे चाळीस आणि कराचे पंचाहत्तर, मिळून तीनशे पंधरा. उरलेल्या चार हजार आठशे तीस रुपयांवर कोणाचाच आक्षेप नाही. तरी तीनशे पंधरापायी सगळेच अडकले. इथे फोनवर तणतणून काही होत नाही. एका पानाचे उत्तर लिहावे: जेवणाचे दोनशे चाळीस मी मागे घेतो, कराचे पंचाहत्तर नियमाच्या कोणत्या कलमाने नाकारले ते कळवावे, आणि वाद नसलेले चार हजार आठशे तीस तूर्त मंजूर करावेत. असे पत्र हातात पडले की 'नियमानुसार नाही' या शेऱ्यामागे कोणालाही दडता येत नाही. त्यातूनही पंचाहत्तर नामंजूर झाले, तर ते सोडावेत. पण नियमाचा अर्थ लेखी मिळालेला असतो आणि पुढच्या वेळी खोली त्या बेताने घेता येते.

वाचकहो, दिवाळीच्या महिन्यात एक गोष्ट विशेष सांभाळायची. सुट्या जवळ आल्या की हिशेबखाते बिले नेहमीच्या तारखेआधीच घेणे थांबवते आणि उशिरा गेलेले बिल थेट पुढच्या महिन्यावर जाते. तेव्हा वसुबारसेच्या आठवडाभर आधी शेवटची तारीख विचारून घ्यावी, तोवरच्या फिरतीचे बिल धाडावे आणि पोच मागून ठेवावी. घरात फराळाचे सामान कोणत्या पैशांनी येणार, हे त्यावर ठरते.