कळतं, पण तोंडातून निघत नाही

मेळघाटात आमच्या वयाच्या पुष्कळ पोरापोरींचं असं झालं आहे. आजी कोरकूत बोलते, आपण मराठीत नाहीतर हिंदीत उत्तर देतो. कळतं सगळं, पण बोलायला गेलं की जीभ अडते. लहानपणी शाळेत गेलो, वर्गात कोरकू चालायची नाही. सुट्टीत घरी येऊन बोललो, चुकलो, सगळे हसले. मग गप्प बसणं सोपं वाटलं.

याचा फटका वनहक्काच्या दाव्यात बसला. 2008 च्या नियमांतल्या 13 व्या नियमाप्रमाणे दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून चालतं. असंच एका आज्याचं निवेदन लिहायला आम्ही बसलो. प्रश्न मराठीत विचारले, म्हणून आजाही मोडक्या मराठीत बोलला, "आम्ही तिथं कसत होतो." आम्ही तेवढं लिहून मोकळे. संध्याकाळी तोच आजा हीच गोष्ट सुनेला कोरकूत सांगत होता, तेव्हा कळलं की त्याचा 'आम्ही' दोघांचाच होता. तो आणि दावेदाराचा बाप. कोरकूत दोघांचा 'आम्ही' वेगळा असतो आणि पुष्कळांचा वेगळा. मराठीत तो फरक पुसला गेला. निवेदन पुन्हा लिहावं लागलं.

जीभ अडते तीही बहुतेक इथंच. शब्द येतात, शेपटं येत नाहीत. एक कुत्रा सीटा, पुष्कळ असले तर सीटाकू, आणि दोनच असले तर शेपूट तिसरंच. ऐकताना शेपूट सुटलं तरी अर्थ लागतो. बोलताना मात्र ते आपल्यालाच लावावं लागतं. म्हणून कान तयार होतो आणि जीभ कोरी राहते.

आमच्यातल्या काहींनी एक रीत धरली. एकच माणूस आणि एकच काम निवडायचं. मोह वेचायला आजीसोबत जायचं आणि परत येईपर्यंत कोरकूच. आजीला आधी दोन गोष्टी सांगून ठेवायच्या. मी अडलो तरी तू मराठीवर येऊ नको. आणि चुकलो तर मधेच थांबवू नको, तुझ्या उत्तरात तेच बरोबर बोल. दोन बैलांना मी 'कू' लावलं, तर ती नुसती दोघांचं शेपूट लावून विचारते, पाणी पाजलं का? चूक आपोआप कानावर पडते. शब्द आठवला नाही तर तो मराठीत टाकून पुढं जायचं, वाक्य अर्धं सोडायचं नाही. आजी हसेल. हसू दे, पण चारचौघांत नक्कल करून दाखवू नये, एवढं वडीलधाऱ्यांना आमचं मागणं आहे.

जमतंय की नाही हे आजीवरूनच कळतं. आपल्याला पाहून ती मराठीवर यायची थांबली, म्हणजे जमलं. ज्यांच्या घरात कोरकू कानावरच पडली नाही, त्यांचं यानं भागणार नाही. त्यांना आधी ऐकायलाच बसावं लागेल.

पुढच्या निवेदनांना दोघांनी जायचं ठरलं आहे. एक कोरकूत विचारेल, दुसरा मराठीत लिहील. अंगठा घेण्याआधी लिहिलेलं सगळं आज्याला कोरकूत सांगायचं, आणि प्रत्येक 'आम्ही'वर थांबून विचारायचं, किती जण?