पावतीवरचे वजन आणि काट्यावरचे वजन

सोने झिजते हे आपल्या सगळ्यांना माहीत असते, पण वाटणीच्या दिवशी ते कुणालाच आठवत नाही. त्या दिवशी जुनी पावती एका हातात आणि काट्यावरचा आकडा समोर असतो, आणि मधल्या फरकाचे उत्तर कुणीतरी द्यावे असे वाटू लागते. बहुतेक वेळा ते उत्तर घरातल्या सुनेकडे मागितले जाते, कारण दागिने तिच्याजवळ होते.

आमच्या कळवणातल्या एका घरात यंदा असेच झाले. अम्मी गेल्या. मागे दोन मुली, एक मुलगा आणि सून. दागिने फारसे नव्हते: अम्मींच्या निकाहच्या पाटल्यांचा जोड, आणि कांद्याला चांगला भाव मिळाला त्या साली घेतलेली एक साखळी. पाटल्या शेवटपर्यंत अम्मींच्या हातात होत्या. साखळी मात्र गेली दहा वर्षे सूनबाईच्या गळ्यात होती. दोन्ही पावत्या पेटीत जपून ठेवलेल्या होत्या. सराफाकडे वजन केले, तेव्हा पाटल्यांचे वजन पावतीपेक्षा वाढलेले निघाले आणि साखळीचे दीड ग्रॅमने कमी भरले. मुलींनी तोंडाने काही म्हटले नाही, पण भावजयीला जे समजायचे ते समजले. घरच्यांनी पावत्या आम्हाला दाखवल्या, म्हणून हे लिहीत आहोत. त्या दोन दागिन्यांत या विषयाचे जवळजवळ सगळे आले आहे.

आधी पाटल्या. सोन्याचे वजन वापरून वाढत नाही, तेव्हा चूक हिशेबात असणार हे उघड होते. पावती 1957 सालची. तिच्यावर शाईने लिहिलेले, ‘पाटल्या जोड 1, वजन तोळे 4 गुंजा 4’. आज आपण तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा. त्या हिशेबाने पाटल्या साडेचाळीस ग्रॅमच्याही आत बसतात, आणि काट्यावर भरल्या 45.62 ग्रॅम. म्हणून घरच्यांना वाटले की वजन वाढले, किंवा त्या काळचा सराफ फार भला होता.

पण तो तोळा दहा ग्रॅमचा नव्हता. जुना तोळा बारा माशांचा, मासा आठ गुंजांचा, आणि तोळ्याचे वजन आजच्या मापात 11.664 ग्रॅम. मेट्रिक मापे आल्यावर बाजाराने तोळा हा शब्द ठेवला आणि त्यात सोयीचे दहा ग्रॅम भरले. चार जुने तोळे म्हणजे 46.656 ग्रॅम. चार गुंजा म्हणजे अर्ध्या ग्रॅमला थोड्या कमी, 0.486. पावतीवरचे खरे वजन झाले 47.14 ग्रॅम. आज भरले 45.62. म्हणजे पाटल्यांचेही वजन घटलेच होते, तेही दीड ग्रॅमने. साखळीइतकेच! फक्त मापाचा शब्द तोच राहिल्याने ते दिसत नव्हते, आणि सगळा संशय एका साखळीवर गेला होता.

आता हा दीड ग्रॅम गेला कुठे? पाटल्या पंचावन्न-साठ वर्षे रोज हातात होत्या. बावीस कॅरेटचे सोने मऊ असते, आणि आपल्याकडे पाटल्यांच्या मागेपुढे काचेच्या बांगड्या घालतात. काच सोन्यापेक्षा बरीच कठीण. दिवसभर हात हलतो तशी काच सोन्याला घासते. त्यात शेतातली माती, राखेने घासलेली भांडी, जात्याचा खुंटा. मातीतल्या वाळूचे कण तर काचेहूनही कठीण असतात. प्रत्येक वेळी जे निघते ते डोळ्यांना दिसत नाही, पण निघते.

किती निघते, हे एका माणसाने मोजून पाहिले आहे. व्हिएन्नातले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज स्टाइनहाउझर यांनी लग्नानंतर वर्षभर दर आठवड्याला स्वतःच्या अंगठीचे वजन अतिशय सूक्ष्म काट्यावर केले आणि 2008 मध्ये ते छापले. अंगठी अठरा कॅरेटची, साडेपाच ग्रॅमच्या जरा वर. वर्षात तिचे सुमारे सहा मिलिग्रॅम वजन गेले. बागेत माती उकरली किंवा वाळूच्या किनाऱ्यावर सुटी घालवली, त्या आठवड्यात जास्त. सहा मिलिग्रॅम सराफाच्या काट्यावर जेमतेम दिसतील. पण दरवर्षी तेवढे धरले तर चाळीस वर्षांत पाव ग्रॅम होतो, आणि तोही एका हलक्या, अठरा कॅरेटच्या अंगठीतून, जिच्या मालकाला कांद्याची खुरपणी नव्हती. पाटल्यांच्या जोडीचा घासणारा पृष्ठभाग अंगठीच्या कितीतरी पट. त्या मानाने वर्षाला पंचवीस-तीस मिलिग्रॅम जाणे मुळीच नवलाचे नाही, आणि अम्मींच्या पाटल्यांचा हिशेब तिथेच येतो.

नुसता आकडा जुळला म्हणून मात्र विश्वास ठेवू नये. झीज कुठे झाली आहे ते डोळ्यांनी पाहावे. या पाटल्यांवर बाहेरच्या अंगाला नक्षी होती. तिचे उंच भाग घासून सपाट झाले होते, खोलगट रेषा तशाच होत्या. कडा गोलसर झालेल्या. आणि आतल्या अंगाला घडवणाऱ्याचा छोटा शिक्का अजून वाचता येत होता, कारण तिथे फक्त मनगट लागते. वापराने झिजलेला दागिना असाच दिसतो: जिथे घासते तिथेच जातो.

याउलट दारोदार ‘दागिने उजळून देतो’ म्हणत फिरणारे जे लोक असतात, त्यांच्या भांड्यातल्या तेजाबाने सोने विरघळते. दागिना चकचकीत होऊन परत मिळतो आणि काही ग्रॅम त्या भांड्यात राहतात. तेजाबाला आत-बाहेर कळत नाही. ते शिक्काही पुसट करते, नक्षीच्या खोल रेषाही भरकटवते, आणि पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा, खरबरीत होतो. आतला शिक्का बाहेरच्या नक्षीइतकाच पुसट असेल तर प्रश्न विचारावा, आणि तो घरातल्या माणसाला नव्हे. असा माणूस दारात आलाच तर बाहेरच्या बाहेर लावून द्यावा, हे काही आम्ही सांगायला नको.

आता साखळी. 1996 ची पावती ग्रॅममध्ये होती, तेव्हा मापाचा घोळ नव्हता. वजन 20.150 ग्रॅम, आणि सुदैवाने सराफाने लांबीही लिहिली होती, बावीस इंच. आज वजन 18.640. तूट 1.510 ग्रॅम, म्हणजे साडेसात टक्के. केवळ झिजेला हे जरा जास्त आहे, आणि इथे मुलींची शंका अगदीच वावगी नव्हती.

साखळीची लांबी मोजली तर एकवीस इंच भरली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साखळी झिजते ती मुख्यतः कडीला कडी जिथे लागते तिथे. तिथली तार बारीक होते, त्यामुळे झिजलेली साखळी लांबीने कमी होत नाही, उलट किंचित वाढते. लांबी घटली असेल तर कड्या निघाल्या आहेत, याला दुसरा अर्थ नाही. भाऊ म्हणाला, साखळी दोनदा तुटली होती. एकदा अम्मींच्या हयातीतच, नातवाने ओढून. दोन्ही वेळा तुटलेल्या जागेच्या बारीक झालेल्या कड्या काढून डाक दिला होता. त्या कड्या परत घेतल्या का, हे कुणाला आठवेना.

पावतीप्रमाणे एका इंचाला साधारण 0.92 ग्रॅम सोने होते. एक इंच गेला म्हणजे तेवढे गेले. उरलेली तूट जवळपास 0.6 ग्रॅम. ती उरलेल्या एकवीस इंचांवर पसरली तर तीन टक्क्यांच्या आसपास येते, आणि अठ्ठावीस-एकोणतीस वर्षे गळ्यात राहिलेल्या साखळीला तेवढी झीज सहज बसते. भिंगातून पाहिले तर कड्यांच्या आतल्या कडेला खाचा स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे तूट दोन ठिकाणी होती: एक वापराची, जी अम्मींच्या आणि सुनेच्या गळ्यात मिळून झाली, आणि एक दुरुस्तीच्या दुकानात राहिलेल्या इंचभर तुकड्याची. सुनेने काही लपवले नव्हते. तिने फक्त तुटलेल्या कड्या मागून घेतल्या नव्हत्या, आणि ते आपल्यापैकी कितीजणी मागतात?

वजन करण्यापूर्वी दागिना कोमट पाण्यात साध्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुऊन पूर्ण कोरडा करावा. नक्षीत बसलेला मळही वजन दाखवतो. लाख भरलेला किंवा पोकळ दागिना मात्र पाण्यात बुडवू नये. लाखेच्या डागात आणखी एक गोम असते: जुन्या पावतीवरचे वजन लाखेसकट असू शकते, आणि लाख वर्षांनुवर्षे तडकून गळत राहते. तिथे वजन घटले म्हणजे सोनेच घटले असे म्हणता येत नाही. खड्यांच्या दागिन्यांतही पावतीवर एकूण वजन आहे की निव्वळ सोन्याचे, ते आधी पाहावे. सराफाच्या काट्यावर वैध मापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते बघावे, पंखा बंद करायला सांगावा, आणि प्रत्येक नग वेगळा तोलावा.

मोडीला देताना सराफ जी घट सांगतो ती आणखी निराळी. ती झिजेची नसते, कसाची असते. जुन्या दागिन्यांच्या जोडांतल्या डाकात तांबे-चांदी जास्त असते, म्हणून आटवल्यावर बावीस कॅरेट म्हणून घेतलेला डाग तेवढा भरत नाही. वजन किती कमी आणि कस किती कमी, हे दोन आकडे वेगवेगळे मागावेत. एकत्र सांगितले की कशाचे पैसे कापले ते कळत नाही.

जुन्या तोळ्याचा घोळ जकातीतही होतो, आणि तो बऱ्याच घरांत होत असावा. साडेसात तोळ्यांचा निसाब जुन्या तोळ्याचा आहे, म्हणजे 87 ग्रॅम 480 मिलिग्रॅम. दहा ग्रॅमच्या तोळ्याने धरून पंच्याहत्तर ग्रॅमला निसाब मानणे चूक. आणि वजन धरायचे ते पावतीवरचे नव्हे, आज काट्यावर भरेल ते. पावतीप्रमाणे नव्वद ग्रॅम असलेले दागिने तीस वर्षांच्या वापरानंतर निसाबाच्या खालीही गेलेले असू शकतात. अर्थात घरात चांदी, रोख रक्कम असेल तर तिचा हिशेब वेगळा, तो आपल्या आलिमांना विचारावा.

कळवणच्या त्या घरात पाटल्या आणि साखळी पुन्हा पेटीत गेली, वाटणी आजच्या वजनावर ठरली. पावत्यांच्या मागे आता तारीख, ग्रॅममधले वजन आणि साखळीची लांबी लिहिली आहे. सूनबाईंनी लिहिली, नणंदांनी सह्या केल्या.