कच्च्या वहीची साक्ष

२०२४ मध्ये विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याला पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात जावे लागले. त्याची उत्तरे ८८ टक्के कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिली आहेत, असे एका संगणक प्रणालीने म्हटले होते आणि त्या आधारावर तो अनुत्तीर्ण ठरला होता. उत्तरे स्वतःचीच आहेत, हे त्याचे म्हणणे. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. मात्र अशा आरोपात पुरावा कोणी द्यायचा आणि कशाचा द्यायचा, हा प्रश्न तसाच राहिला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीही तो दूरचा नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली वाङ्मयचौर्याविषयी आहे. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे टप्प्याटप्प्याने शिक्षा वाढते आणि ६० टक्क्यांवर साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते. या पद्धतीत उणिवा असल्या, तरी आरोप तपासता येतो. अमुक परिच्छेद तमुक लेखाशी जुळतो, असे अहवालात दाखवलेले असते. दोन्ही मजकूर शेजारी ठेवावेत आणि अवतरण आहे, सर्वमान्य व्याख्या आहे की उचलेगिरी, हे माणसाने ठरवावे.

‘हे यंत्राने लिहिले’ या आरोपात शेजारी ठेवायला मूळ मजकूरच नसतो. शब्दांची निवड किती अपेक्षित आहे आणि वाक्यांची ठेवण किती एकसारखी आहे, यावरून प्रणाली केवळ शक्यता वर्तवते. ज्याचा इंग्रजी शब्दसंग्रह मर्यादित आहे, जो शिकलेल्या साच्यातली सरळ वाक्ये लिहितो, त्याचे लेखन साहजिकच ‘अपेक्षित’ वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशा सात प्रणालींना टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध तपासायला दिले. ते इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनीच लिहिले होते. तरी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. भारतातील बहुतांश विद्यार्थी याच गटात मोडतात. मजकुराकडे पाहून निर्णय होत नसेल, तर पुरावा मजकूर कसा घडला यातच शोधावा लागतो.

तो पुरावा कसा दिसतो, हे पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या एका नेहमीच्या प्रयोगावरून समजून घेता येईल. समजा, एका विद्यार्थिनीने चार-टोकी पद्धतीने जर्मेनियमच्या ऊर्जापट्टांमधील अंतर मोजले आणि त्यावर प्रकल्प-अहवाल लिहिला. रोधकतेचा लॉगरिदम आणि तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख सरळ रेषेत येतो. त्या रेषेचा चढ बोल्ट्झमन स्थिरांकाने गुणला, की अंतराचा निम्मा भाग मिळतो. म्हणून शेवटी २ ने गुणावे लागते. पहिल्या मसुद्यात ती हे विसरली आणि उत्तर ०.३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आले. पुस्तकातील मूल्य ०.६७ च्या आसपास असल्याने तिने ‘नमुना अशुद्ध असावा’ असा एक परिच्छेदही लिहिला. मार्गदर्शकांनी समासात ‘२ कुठे गेला?’ एवढेच लिहिले. दुसऱ्या मसुद्यात उत्तर ०.६८ झाले आणि अशुद्धतेचा परिच्छेद गळाला.

पुढे तिच्या लेखनावर संशय घेतला गेला, तर सर्वांत भक्कम साक्ष त्या चुकलेल्या परिच्छेदाची ठरेल. शिक्षकांची सही असलेल्या प्रयोगवहीतील आकडे, त्यावरून निघालेले चुकीचे उत्तर, समासातील शेरा आणि नंतरची दुरुस्ती अशी ही साखळी आहे. तिच्या कड्या वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि त्यांतील दोन दुसऱ्या व्यक्तीच्या हातच्या आहेत. अंतिम प्रत समोर ठेवून खोटे कच्चे लेखन रचता येईल. पण दुसऱ्याच्या सहीशी आणि तारखेशी जुळणारी चूक मागाहून रचणे फार अवघड.

घडत असताना झालेल्या नोंदीचे हे मोल भारतीय भौतिकशास्त्राला नवे नाही. रामन परिणामाचा शोध १९२८ च्या फेब्रुवारीत कोलकात्यात लागला. त्या दिवसांत के. एस. कृष्णन रोजनिशी लिहीत होते. कोणत्या दिवशी काय दिसले आणि या कामात कृष्णन यांचा वाटा किती, याची चर्चा पुढे झाली, तेव्हा अभ्यासकांनी आधार घेतला तो त्याच पानांचा.

आजची रोजनिशी बहुधा संगणकात असते आणि ती नकळत पुसली जाते. एकाच नावाची फाइल रोज जतन केली, की कालचा मसुदा नाहीसा होतो. त्यामुळे `prakaran3_2025-01-14.docx` असे तारखेचे नाव देऊन आठवड्याला एक प्रत वेगळी ठेवणे हा साधा आणि पुरेसा उपाय आहे. गूगल डॉक्समध्ये `Version history` मागील टप्पे दाखवते. पण `Make a copy` करून घेतलेल्या प्रतीत जुना इतिहास येत नाही, म्हणून मूळ फाइल जपावी लागते. दुसरीकडे लिहून एकदम चिकटवलेला मजकूर त्या इतिहासात एका क्षणात अवतरलेला दिसतो. तिथे कागदावरचे टिपण हाच दुवा. व्याकरण सुधारणारे साधन वापरायचे असेल, तर त्याआधीची प्रत राखणे विशेष गरजेचे आहे, कारण त्यानंतरची भाषा अधिक गुळगुळीत होते आणि संशय तिथेच येतो.

या नोंदींनाही मर्यादा आहेत. फाइलवरील तारीख संगणकाच्या घड्याळावरून येते आणि ते घड्याळ मागे फिरवता येते. प्रोग्रामर वापरतात त्या गिटमधील तारीखही `GIT_COMMITTER_DATE` बदलून हवी ती देता येते. म्हणून मसुदा अधूनमधून मार्गदर्शकांना ईमेलने पाठवणे अधिक विश्वसनीय. ती तारीख एकट्या लेखकाच्या हाती राहत नाही. शिवाय यंत्राने दिलेला मजकूर कोणी हळूहळू टंकून काढला, तरी इतिहास लांबलचक दिसेलच. टंकनाचा इतिहास बोटे चालल्याचे सांगतो. विचार चालला की नाही, हे खोडलेला युक्तिवाद, बदललेला आराखडा आणि दुरुस्त झालेली चूक यांतून कळते.

म्हणूनच चौकशी समितीने टक्केवारीपाशी थांबू नये. तिने कच्ची वही मागावी आणि अर्धा तास मौखिकी घ्यावी. ‘०.३४ चे ०.६८ कसे झाले?’ या प्रश्नाला जिने ते काम केले ती विद्यार्थिनी अडखळत का होईना, उत्तर देईल.

मात्र वही नसणे हा गुन्ह्याचा पुरावा मानला जाऊ नये. अनेक प्रामाणिक विद्यार्थी सामायिक संगणकावर किंवा मोबाइलवर लिहितात आणि त्यांच्या प्रती टिकत नाहीत. मसुदे जपायचे, हे प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी त्यांना कोणी सांगितलेलेही नसते. ज्या विभागाला शेवटी पुरावा हवा आहे, त्याने आराखडा आणि दोन मसुदे तारखेसह जमा करून घेण्याची पद्धत सुरुवातीलाच घालून द्यावी. ते न करता अंतिम प्रतीवरच्या एका आकड्यासाठी विद्यार्थ्याकडून वर्षभराचा हिशेब मागणे अन्याय्य आहे.