घड्याळाखालचे मनगट

सामायिकात बसलेल्या आजोबांच्या छायाचित्रात मनगटावरचे सेलचे घड्याळ राहून गेले होते. त्यांच्या पश्चात तेच चित्र भिंतीवर लावायचे ठरले, तेव्हा ते घड्याळ काढावे, असा आजींनी आग्रह धरला. नातवाने संगणकावर शेजारची त्वचा पट्ट्यावर चिकटवली; मनगट नळीसारखे दिसू लागले आणि करंगळीच्या बाजूचा हाडाचा उंचवटा नाहीसा झाला.

मग काम छायाचित्रकाराकडे गेले. त्याने प्रथम कडा हाती घेतल्या. पट्ट्याच्या दाबाने दोन्ही बाजूंचे मांस किंचित फुगलेले असते. ती फुगवटी तशीच जोडली, तर घड्याळ गेले तरी त्याची जागा दिसत राहते. दुसऱ्या हाताची आरशातल्यासारखी उलटी प्रत घेऊन त्याने आकार ठरवला. रंग मात्र त्या प्रतीतून घेतला नाही, कारण उलटवल्यावर प्रकाशाची बाजूही उलटते. त्वचा त्याच हाताच्या कोपराकडील भागातून, निरनिराळ्या ठिकाणांहून थोडी थोडी घेतली; एकाच ठिकाणची घेतल्यास तोच तीळ दोनदा उमटतो. घड्याळाची मांडीवर पडलेली सावलीही पुसली.

पट्ट्याच्या कडेला उन्हाने न रापलेली फिकट रेघ उरली होती. ती गडद करू का, असे त्याने विचारले. आजी म्हणाल्या, “ती राहू दे. घड्याळ काढून सामायिकाला बसत, तेव्हा ती दिसायचीच.”

त्याने मग घड्याळाखालची सारी त्वचा तेवढीच उजळ केली, कडा मात्र धूसर ठेवल्या.