सवलतीचा हिशोब : गर्दी कुणाची, ऑफरची की सीझनची?

आमच्या हॉस्टेलजवळच्या कॅन्टीनवर गेल्या टर्मला एक मोठी चळवळ झाली. मागणी एकच, मिसळीचा भाव ६० वरून कायमचा ५० करा! शिष्टमंडळात अस्मादिकही होतेच. नाशिकमध्ये राहून मिसळीसाठी लढायचं नाही, तर मग कशासाठी लढायचं?

आमच्याकडे पुरावाही तगडा होता. पहिल्या वर्षाची पोरं नवीन आली त्या आठवड्यात काकांनी स्वतःच ‘मिसळ फक्त ५०’ अशी पाटी लावली होती. आम्ही ऐटीत सांगितलं, ‘‘काका, तुमचीच वही काढा. भाव कमी केलात आणि गल्ला वाढला. मग अडचण काय?’’

काकांनी वही काढली आणि तिथेच आमची विकेट पडली. काका हुशार निघाले असं नाही, वहीच आमच्यापेक्षा जास्त बोलत होती. ती काय बोलली हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. सोयीसाठी आकडे गोल केले आहेत.

नेहमीच्या आठवड्यात ६० रुपये भावाने रोज साधारण १०० प्लेट मिसळ जायची, म्हणजे गल्ला ६००० रुपये. सवलतीच्या आठवड्यात ५० रुपये भावाने रोज १४० प्लेट गेल्या, म्हणजे ७००० रुपये. रोजचा हजार रुपयांचा फायदा दिसतो. अर्थशास्त्रात याला मागणीची लवचिकता म्हणतात. भाव थोडा हलला तर खप किती हलतो, त्याचं हे माप. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा लॉग घ्यायला घाबरायचं कारण नाही :

E = ln(Q2/Q1) / ln(P2/P1)

लॉग अशासाठी, की बदल मोठा असला की साधे टक्के फसवतात. ६० चे ५० झाले म्हणजे भाव १६.७ टक्क्यांनी उतरला, पण तोच गल्ला राखायला खप पूर्ण २० टक्क्यांनी वाढावा लागतो. लॉगने काढलं की नियम सरळ राहतो. E हा उणे १ पेक्षा खाली गेला, म्हणजे उणे दीड, उणे दोन असा आला, तर सवलतीने गल्ला वाढतो. उणे १ आणि शून्याच्या मध्ये राहिला तर घटतो. आमच्या आकड्यांवरून E आला उणे १.८५. म्हणजे आम्ही जिंकलो!

पण त्याच पानावर चहाचाही हिशोब होता. चहा दहाला होता, दहालाच राहिला. त्यावर ना ऑफर, ना पाटी. तरीही नेहमीच्या ४०० कपांच्या जागी त्या आठवड्यात रोज ५०० कप गेले. चहा का वाढला? कारण सरळ आहे. हॉस्टेल भरलं होतं, नवीन पोरांबरोबर त्यांचे आई-वडील आले होते, मेस अजून सुरू व्हायची होती. गिऱ्हाईकच २५ टक्क्यांनी वाढलं होतं.

मग मिसळीचं गिऱ्हाईकही तेवढंच वाढलं असणार. पाटी लावली नसती तरी ६० रुपयांना १२५ प्लेट गेल्या असत्या आणि गल्ला ७५०० झाला असता. प्रत्यक्षात झाला ७०००. म्हणजे तुलना करायची ती १०० आणि १४० ची नाही, १२५ आणि १४० ची. तिथे E येतो उणे ०.६२. ज्या आठवड्याला आम्ही हजाराचा फायदा म्हणत होतो, त्यात काकांना रोज पाचशेचा खड्डा पडला होता!

आमच्यातला एक मित्र वादात हार मानणाऱ्यांतला नाही. तो म्हणाला, ‘‘थांब. मिसळ खाणारा वर चहा पितोच. म्हणजे चहाचे जास्तीचे काही कपही सवलतीमुळेच गेले. तुझी फूटपट्टीच ताणलेली आहे.’’ मुद्दा अगदी बरोबर होता. मोजमापाला जी वस्तू घ्यायची, तिच्यावर सवलतीचा परिणाम होता कामा नये. मग आम्ही त्याच्या बाजूने जास्तीत जास्त सूट देऊन पाहिलं. समजा, सवलतीमुळे वाढलेल्या प्रत्येक प्लेटमागे एक कप चहा जास्त गेला. मग हिशोब असा बसतो : जास्तीच्या प्लेट २०, त्यामुळे जास्तीचे कप २०. ते वजा केले की चहा राहतो ४८०, म्हणजे वाढ २० टक्के. म्हणजे सवलत नसती तरी मिसळ १२० प्लेट गेली असती, आणि १४० मधून १२० गेले की उरतात तेच २०. गणित जुळलं. १२० प्लेट गुणिले ६० म्हणजे ७२०० रुपये. तरीही ७००० पेक्षा जास्तच! E आला उणे ०.८५.

इथे एक उपयोगी युक्ती सांगतो. नेमकी लवचिकता किती, यावर भांडत बसण्यापेक्षा उलटं विचारा : सवलत फायद्याची ठरायला काय खरं असावं लागेल? ७००० ला ६० ने भागलं की येतात ११६.७. म्हणजे त्या आठवड्यात गर्दी आपोआप १७ टक्क्यांहून कमी वाढली असती, तरच काकांचा गल्ला सवलतीने वाढला असं म्हणता आलं असतं. आमच्या मित्राला सगळी सूट देऊनही गर्दीची वाढ २० च्या खाली येत नव्हती. वाद तिथेच संपला.

आणि हा झाला नुसत्या गल्ल्याचा हिशोब. मटकी, फरसाण, पाव, गॅस धरून प्लेटमागे समजा ३० रुपये खर्च आहे. मग १२० प्लेटवर सुटतात ३६०० आणि १४० प्लेटवर २८००. काम वाढलं, कमाई घटली! दुकानदार हा खड्डा स्वतःच्या खिशातून फार दिवस भरत नाही. तो तर्रीत पाणी घालून भरतो. म्हणजे शेवटी भोगायचं आपणच.

हे फक्त आमच्या कॅन्टीनचं रडगाणं नाही. मुंबईच्या ‘बेस्ट’ने ९ जुलै २०१९ पासून साध्या बसचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं. शिवाय हे किमान भाडं आधी २ किलोमीटरपर्यंत होतं, ते ५ किलोमीटरपर्यंत चालू लागलं. किमान भाड्यापुरतंच पाहिलं तरी उत्पन्न राखायला प्रवासी ६० टक्क्यांनी वाढायला हवे होते. पाच किलोमीटर जाणाऱ्याची सवलत त्याहून मोठी, म्हणून त्याच्या बाबतीत ही अटही त्याहून कडक. प्रवासी खरोखरच लाखोंनी वाढले, पण तिकिटाचं उत्पन्न घटलं. आता गंमत पाहा. भाडेकपातीच्या दोनच दिवस आधी, ७ जुलैला, मुंबई महापालिकेने बेकायदा पार्किंगला हजारो रुपयांचा दंड सुरू केला होता. गाडी घरी ठेवून बसमध्ये चढलेला माणूस पाच रुपयांसाठी आला की दंडाच्या धाकाने? नुसत्या प्रवाशांच्या आकड्यात दोघेही सारखेच दिसतात. पुढे ९ मे २०२५ ला साधं किमान भाडं ५ चं १० झालं, तेव्हा प्रवासी घटले पण उत्पन्न वाढलं. ‘बेस्ट’ने २०१९ साली चूक केली असं मी म्हणत नाही. रस्त्यावरची वाहनं कमी व्हावीत, गरिबाला प्रवास परवडावा, यासाठी भाडं कमी करणं हा रास्त हेतू आहे. फक्त ‘भाडं कमी केलं की उत्पन्न वाढेल’ हे कारण त्याला जोडू नये.

आपल्या जिल्ह्याला तर हा धडा कांद्यानेच शिकवलेला आहे. लासलगावला आवक घटली की भाव चढतो, आवक वाढली की पडतो. भाव आणि आवक यांचे ठिपके आलेखावर मांडले तर उतरती रेघ मिळते. पाऊस किंवा रोग यामुळे आवक हलली असेल, तर ती रेघ बऱ्यापैकी मागणीचीच असते. पण ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातबंदी केली आणि भाव कोसळले. तो भाव आवक वाढल्यामुळे पडला नव्हता, परदेशचं गिऱ्हाईकच तोडल्यामुळे पडला होता. त्या दिवसांचे ठिपके इतर ठिपक्यांत मिसळून लवचिकता काढली, तर उत्तर संगणकातून येईल, पण त्याला अर्थ नसेल. तेव्हा वही उघडल्यावर पहिला प्रश्न ‘भाव किती बदलला’ हा नाही. पहिला प्रश्न ‘भाव का बदलला’ हा आहे. भाव ज्या कारणाने बदलला त्याच कारणाने गिऱ्हाईकही बदललं असेल, तर त्या आठवड्याचा आकडा एकटा कामाचा नाही.

मग करायचं काय? माझं मत असं, की कॅन्टीन कमिटीने कायमची सवलत मागण्याआधी काकांना आठ आठवडे द्यावेत. परीक्षा, गॅदरिंग आणि सुट्ट्या टाळून चार आठवडे ६० आणि चार आठवडे ५०. कोणता आठवडा कोणता, हे नाणं उडवून ठरवायचं, म्हणजे ‘गर्दी असेल तेव्हा पाटी’ हा प्रकार बंद. दिवसाआड भाव बदलू नये. तसं केलं तर सोमवारची मिसळ पोरं मंगळवारी खातील आणि मंगळवारचा आकडा खोटा फुगेल. एका दिवसाच्या आकड्यावरही जाऊ नये, कारण १०० प्लेटच्या धंद्यात काहीही न करता दहा-बारा प्लेट इकडेतिकडे होतातच. शिवाय वहीत मिसळीबरोबर वडापाव आणि समोसाही लिहावा. मिसळ वाढली आणि वडापाव तेवढाच घटला, तर ते नवीन गिऱ्हाईक नव्हे, जुन्यानेच प्लेट बदलली!

यातून E उणे १ च्या बराच खाली आला, तर मी स्वतः पाटी रंगवून देईन. नाही आला, तर सवलत मागायचा हक्क आपल्याला तरीही आहे. फक्त ‘काका, यात तुमचाच फायदा आहे’ असं न म्हणता ‘काका, आम्हाला परवडत नाही’ असं सरळ सांगावं. आमच्या शिष्टमंडळाला हे सुचायला उशीर झाला. वही मिटून काका एवढंच म्हणाले, ‘‘पोरांनो, हिशोब तुम्हीच केलात ना? मग आता साठ रुपये काढा!’’