कबुलीजबाबात पोलिसांचीच चूक

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, कायद्याशी माझा संबंध वाचनापुरता. तरीही गेल्या महिन्यात एका मॉक ट्रायलमध्ये बचाव पक्षाचा अंतिम युक्तिवाद माझ्या वाट्याला आला. खटला काल्पनिक होता. एका गोदामाला आग लागते आणि एकोणीस वर्षांचा डिलिव्हरी बॉय मॅजिस्ट्रेटपुढे गुन्हा कबूल करतो. चौदा दिवसांनी त्याला पहिल्यांदा वकील भेटतो, तेव्हा तो कबुली मागे घेतो.

माझ्या पहिल्या मसुद्यात अन्याय, छळ, समाज हे शब्द पानोपानी होते. न्यायाधीश झालेल्या वकीलसाहेबांनी तो वाचून विचारलं, "मारहाण झाली म्हणतोस, पण वैद्यकीय अहवालात एकही जखम नाही. आता काय करशील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपली बरीच तरुण मुलं इथेच अडकतात, कारण आपल्याला राग मांडता येतो, पण समोरचा कागद वाचायची सवय नाही.

मी पुन्हा फाइल उघडली. पोलिसांसमोर दिलेली कबुली सहसा पुराव्यात येत नाही, मॅजिस्ट्रेटपुढची येते. पण ती नोंदवण्याआधी मॅजिस्ट्रेटने आरोपीला दोन गोष्टी समजावून सांगायच्या असतात. कबुली देणं बंधनकारक नाही, आणि दिली तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. शिवाय प्रश्न विचारून तो स्वेच्छेने बोलतोय याची खात्री करायची असते. विचार करायला साधारणपणे किमान चोवीस तास द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सरवण सिंग खटल्यात १९५७ मध्येच म्हटलं आहे. आमच्या फाइलमध्ये मुलगा नऊ दिवस पोलीस कोठडीत होता आणि विचाराला मिळाली चाळीस मिनिटं. 'नकार दिलास तरी तुला पोलिसांकडे परत पाठवणार नाही', हे त्याला कुणी सांगितल्याची नोंद नव्हती. कायद्यात मात्र हे संरक्षण आहे.

एवढ्यावर कबुली डळमळते, पण पडत नाही. नियम चुकला तरी माणूस खरं बोलला असेल, असं न्यायाधीशाला वाटू शकतं. म्हणून दुसरा प्रश्न हवा: कबुलीतला मजकूर खरा आहे का?

इथे माझा धंदा उपयोगी पडला. दोन विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम बरोबर चालत असतील, तर एकाने दुसऱ्याचं उतरवलं हे सिद्ध करणं अवघड. पण दोघांत एकच विचित्र चूक असेल तर नक्कल लगेच कळते. कबुलीत मुलगा म्हणतो, मागच्या शटरजवळ पेट्रोल ओतलं. पहिल्या दिवशीच्या एफआयआरमध्येही पेट्रोल आणि मागचं शटरच आहे. पण तीन आठवड्यांनी आलेला फॉरेन्सिक अहवाल सांगतो की अवशेष रॉकेलचे आहेत, आणि अग्निशमन अधिकारी सांगतो की आग पुढच्या मीटरपेटीपाशी सुरू झाली. आग खरंच लावणाऱ्याला हातात काय होतं हे माहीत असतं. कबुलीत जे बरोबर आहे ते पोलिसांना आधीच माहीत होतं, आणि जे चूक आहे तेही पोलिसांचंच त्या दिवसाचं मत आहे.

घरातून काढून दिलेला लायटर राहिला. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर विधानाचा त्या शोधाशी थेट जोडलेला भागच ग्राह्य धरतात. 'लायटर कपाटात आहे' एवढं चालेल, 'त्यानेच आग लावली' हे चालणार नाही. आणि लायटर कुणाच्या घरात नसतो?

मग वकीलसाहेबांचा शेवटचा प्रश्न आला, "मग त्याने कबूल का केलं?" हा प्रश्न टाळला की खटला गेलाच समजा. मी वैद्यकीय अहवाल मान्य केला. धमकीचा आणि जागवलेल्या रात्रींचा वळ उठत नाही, एवढंच म्हटलं. छळ पूर्णपणे सिद्ध करायची जबाबदारी आमच्यावर नाही. कबुली धमकी, जबरदस्ती किंवा आमिषातून आली असं न्यायालयाला दिसलं तरी पुरे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ ची भाषाच तशी आहे. आणि मागे घेतलेल्या कबुलीला स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा. इथे जो स्वतंत्र पुरावा होता, तोच तिच्या विरोधात बोलत होता.

मकोकात हे गणित बदलतं. तिथे पोलीस उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुलीही पुराव्यात येते. पण ती खरी आहे का, हा प्रश्न तिथेही उरतोच. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला बारा जणांना निर्दोष सोडलं, तेव्हा कबुल्यांवर विश्वास ठेवला नाही, आणि त्यांतले काही भाग एकसारखे असल्याचीही नोंद केली. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. बारांपैकी एक जण २०२१ मध्येच तुरुंगवासात वारला होता.

आमच्या मॉक ट्रायलमध्ये मुलगा सुटला. सरकारी वकील झालेली मुलगी नंतर म्हणाली, "भाई, तो फॉरेन्सिक अहवाल मीही वाचला होता. तारीख बघितली नाही."