‘यायचा राहिलेला’ आकडा

तुमसर असो, पवनी असो की साकोली, भंडारा जिल्ह्यात सट्टापट्टीवर धाडी पडतात, जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे नोंदवले जातात आणि पट्टी पुन्हा लिहिली जाते. खेळणाऱ्याला परत ओढून आणतो तो मागच्या आकड्यांचा तक्ता. तो पाहून एक जण म्हणतो, “सात कधीचा आला नाही, आता येणारच.” दुसरा म्हणतो, “तीन लागोपाठ दोनदा आला, सध्या त्याचाच जोर आहे.” ही मते एकमेकांच्या उलट आहेत, तरी दोघांचा पुरावा एकच तक्ता आहे आणि दोघेही चुकत आहेत.

ओपनचा आकडा शून्य ते नऊ यांतला एक. सोडत प्रामाणिक असेल तर प्रत्येक वेळी प्रत्येक आकड्याला दहात एक संधी असते. अशा 20 सोडतींत किमान एक आकडा अजिबात न येण्याची शक्यता सुमारे 79 टक्के आहे, आणि कुठला तरी आकडा लागोपाठ दोनदा येण्याची सुमारे 86 टक्के. म्हणजे निव्वळ योगायोगाने भरलेल्या तक्त्यातही ‘राहिलेला’ आणि ‘जोरातला’ असे दोन्ही आकडे बहुधा सापडतातच. त्यांतून उद्याचे काहीच कळत नाही.

इथे एकच प्रश्न विचारायचा: निघालेला पत्ता पुढच्या सोडतीआधी गड्डीत परत जातो का? तो बाहेरच ठेवला असता, तर उरलेल्या पत्त्यांची संधी खरोखर वाढली असती. तो परत मिसळला, की गड्डीला कालचे काही आठवत नाही. आणि सोडतच प्रामाणिक नसेल, तर ज्या आकड्यावर सगळ्यांचा पैसा लागला आहे तो काढण्यात खाणाऱ्याचा काय फायदा?

नुकसान मात्र तक्त्यावाचूनही मोजता येते. एकेरी आकड्याला साधारण नऊपट मिळतात. दहा रुपये दहा वेळा लावले, तर शंभर जातात आणि सरासरी नव्वद परत येतात. ‘राहिलेल्या’ सातावर रक्कम दुप्पट करत गेले, तर दहा रुपयांपासून सुरू करून सातव्या डावापर्यंत 1,270 रुपये लागतात. सातही डाव हुकण्याची शक्यता जवळजवळ निम्मी, 48 टक्के आहे. इतके हुकल्यावर आठव्या डावाला 1,280 रुपये हवेत. धानाच्या चुकाऱ्यातून किंवा मजुरीतून ते देणाऱ्या घराची घडी इथेच मोडते. आठव्या डावातही सात येण्याची संधी पहिल्याइतकीच, दहात एक असते.

म्हणून धाडींबरोबर हे गणितही गावात पोचले पाहिजे. दहावीच्या पुस्तकात संभाव्यता आहेच. शिक्षकांनी ती नाण्याफाशांवर न थांबवता सट्ट्याच्या तक्त्यावर शिकवावी आणि मुलांनी ती घरी नेऊन समजावून सांगावी.